काळ्या जमिनीवर घर: बांधण्याआधी माती का तपासायची?

प्रश्न: परभणीकडे ३० × ४० फुटांच्या प्लॉटवर दोन मजली घर बांधतोय. गुत्तेदार म्हणतात, जमीन दगडासारखी आहे, शेजारचं घरही चांगलं उभं आहे, माती परीक्षणावर पैसे कशाला घालता? खरंच गरज आहे का?

उत्तर: आहे. मी भू-तांत्रिक अभियंता आहे. तुमच्यासारख्याच काळ्या जमिनीवर बांधणाऱ्या एका घरमालकांनी मला हेच विचारलं होतं. त्यांना पाठवलेलं पत्र नाव-गाव वगळून देतो.

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तुमच्या प्लॉटवर पहार मारली तर ती उडते, हे मीही पाहिलं. पण काळी उन्हाळ्यात वाळून विटेसारखी होते आणि सप्टेंबरात त्याच मातीत अंगठा रुततो. कोरड्या दिवसांतली ही ताकद उसनी असते. म्हणून आम्ही नमुना भिजवूनच तपासतो.

काळीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते. किती फुगते ते आम्ही साध्या रीतीने पाहतो. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका मापपात्रात रॉकेलमध्ये आणि तेवढीच दुसऱ्यात पाण्यात टाकायची आणि २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. तुमची माती रॉकेलमध्ये १० मिलिलिटरवर बसली, पाण्यात १७ वर, म्हणजे ७० टक्के फुगवटा. ५० च्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो.

मग नमुना कड्यात घट्ट बसवून पाणी दिलं आणि तो फुगू नये म्हणून वरून किती दाब लागतो ते मोजलं. चौरस मीटरला सुमारे १२ टन लागला. तुमच्या एका कॉलमवर २० टन भार येईल आणि त्याखाली दीड मीटर बाय दीड मीटरचं फुटिंग, म्हणजे कॉलमचा रुंद काँक्रीटचा पाया असेल, तर जमिनीवर चौरस मीटरला ९ टनच पडतात. फरशीचा भार तर जेमतेम एक टन. म्हणजे माती खालून घर उचलू शकते, आणि फरशी तर सहज. मोठ्या इमारतीलाच माती परीक्षण लागतं, असं लोक समजतात. काळीत हलक्या घरालाच जास्त त्रास होतो.

आता शेजारच्या घराचं. तुमच्या प्लॉटवर आपण दोन खड्डे घेतले. पुढच्या कोपऱ्यात, शेजाऱ्यांच्या बाजूला, तीन फुटांवर मुरूम लागला. त्यांचं घर बहुधा मुरमावरच असल्याने टिकलं असावं. मागच्या कोपऱ्यात आठ फुटांपर्यंत काळीच. नकाशात सगळी फुटिंग पाच फुटांवर आहेत. तसंच बांधलं असतं तर पुढचे कॉलम मुरमावर बसले असते आणि मागचे काळीवर. मुरूम जागचा हलत नाही, काळी दरवर्षी वर-खाली होते. अशा घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, ती उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. गिलावा करून ती बुजत नाही.

म्हणून सगळी फुटिंग मुरमापर्यंत न्यावीत आणि मुरमात किमान एक फूट आत घ्यावीत. मागे नऊ फूट खोदाई होईल, खर्च वाढेल, पण पुढे चार फुटांत भागेल. काळी याहून फार खोल असती तर टोकाशी फुगीर कंद असलेले, किमान साडेतीन मीटर लांब पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब घ्यावे लागले असते, कारण ऋतूंप्रमाणे होणारी हालचाल साधारण तेवढ्या खोलीखाली उरत नाही.

निघालेली काळी फरशीखाली परत भरू नका. तिच्या जागी साधारण एक मीटर न फुगणारा, चिकटपणा असलेला मुरूम थरांनी पाणी मारून ठोकून घ्या. हा उपाय आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासला होता. स्वस्त मिळाली म्हणून वाळू भरू नका. वाळूतून पाणी थेट खालच्या काळीपर्यंत जातं. घराभोवती मीटरभर रुंद फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि छताचं पाणी भिंतीजवळ सोडू नका.

एक मर्यादा सांगतो. दोन खड्ड्यांवरून मधली जमीन नक्की कळत नाही. मध्येच बुजवलेला खड्डा किंवा जुना भराव निघू शकतो. त्यामुळे खोदाई झाली की पीसीसी, म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर, टाकण्याआधी मला बोलवा. प्रत्येक खड्ड्यात उतरून तळाशी मुरूम आहे का ते मी पाहीन. तळ काळा दिसला तर त्या दिवशी काँक्रीट थांबवा.