न तोलता दिलेला हंडा

*मावशी, नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. पुण्यात चार वर्षं मार्केटिंगमध्ये नोकरी केली आणि दुकान ऑनलाइन न्यायचं ठरवूनच दिवाळीनंतर घरी परत आले. फोटो काढले, वर्णनं लिहिली, एका मोठ्या साइटवर तांब्याचा हंडा 2,499 रुपयांना टाकला. पहिली ऑर्डर ठाण्याच्या एका बाईंची. मीच बांधून पाठवला. हंडा अंदाजे अडीच किलोचा, पण कुरिअरवाल्याने साडेनऊ किलोचे पैसे लावून फसवलं. वर साइटचं कमिशन. हातात काहीच उरलं नाही. बाबांना सांगितलं तर "न तोलता दिलास?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून ऑनलाइनचं नाव काढलं की उठून जातात. शिकलेल्या मुलीवर बापाचा विश्वास नसेल तर तिने काय करावं?*
*— भांडी बाजारातली मुलगी*

बाळ, विश्वासाचं नंतर बघू. "न तोलता दिलास?" हे तीन शब्द तू पत्रात येता-जाता लिहून पुढे गेलीस. मला त्यांच्यापुढे जाताच येईना. तुझे बाबा ऑनलाइनवर रुसलेले नाहीत. त्यांच्या दुकानातून, बहुधा पहिल्यांदाच, एक भांडं काट्यावर न चढता गिऱ्हाइकाकडे गेलं. ते त्यांना सहन झालेलं नाही, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

तांब्या-पितळेचा भाव नगाला नसतो, किलोला असतो. हे तुला लहानपणापासून माहीत आहे, पण चार वर्षं तू ज्या वस्तू विकल्यास त्यांचा एक नग दुसऱ्यासारखाच होता. हाताने मठारलेले दोन हंडे कधीच सारखे भरत नाहीत. समजा, भाव हजार रुपये किलो आहे. फळीवर दोन हंडे आहेत, एक 2 किलो 300 ग्रॅमचा, दुसरा 2 किलो 650 ग्रॅमचा. दिसायला जुळे भाऊ. तुझ्या 2,499 मध्ये पहिला गेला तर गिऱ्हाइकाने 199 रुपये जास्त दिले, दुसरा गेला तर बाबांनी 151 रुपये पदरचे घातले. ठाण्याला यांतला कोणता गेला? तुला सांगता येत नाही. म्हणूनच "अंदाजे" लिहिलंस. त्या एका शब्दावर तुझे बाबा उठून जातात.

माझ्या लग्नातला हंडा तुमच्याच बाजारातला आहे. आईने आधी वजन बघितलं, मग घासाघीस केली ती फक्त घडणावळीवर. धातूच्या भावावर घासाघीस करायची नसते, हे मी त्या दिवशी शिकले. साइटवर धातू किती आणि घडणावळ किती हे कुठेच दिसत नाही, एक आकडा असतो. बाबांना त्यात लबाडी दिसत असणार.

आता कुरिअरवाल्याचं. त्याने तुला फसवलेलं नाही. ही मंडळी वजन दोन तऱ्हांनी काढतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याच्या आकारावरून, म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायची. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. तुझा हंडा तीस सेंटिमीटरचा धरू. भोवती तीन-तीन सेंटिमीटर भरण घातलं की खोकं झालं 36 बाय 36 बाय 36. गुणाकार 46,656, भागिले 5000, म्हणजे 9.33. पुढच्या अर्ध्या किलोवर नेलं की साडेनऊ. तू तांबं पाठवलं अडीच किलो आणि हंड्याच्या पोटातल्या हवेचं भाडं भरलंस सात किलोचं. वर पोकळ भांड्याला वाटेत पोचा पडायची भीती, गळ्यापाशी तर हमखास. पोचा पडलेला हंडा परत आला की दोन्ही वेळचं भाडं गेलं आणि तो नवा म्हणून विकताही येत नाही. हंडा, घागर, कळशी दूर पाठवायच्या वस्तूच नाहीत. त्या दुकानातच राहू देत.

समई बघ. ओतीव पितळ, भरीव, पोचा पडायचं नाव नाही. आटे सोडवले की बैठक, दांडा, तबकडी, वरचा मोर असे चार तुकडे आडवे बसतात. 35 बाय 20 बाय 18 च्या खोक्याचं आकारावरून वजन येतं अडीच किलोच्या आसपास आणि समई भरण-खोक्यासकट खरंच भरते तीन किलो. म्हणजे भाडं पितळेचं, हवेचं नाही. तबकडीची कड आणि आट्यांची टोकं मात्र वेगवेगळी गुंडाळ, नाहीतर ती एकमेकांना ओरखडे पाडतात. खोकं बंद करून हलवून बघ. आत काही वाजलं तर पुन्हा उघड.

आणि विकायची कुठे? सध्या त्या साइटवर नको. तिथे एक फोटो लावून दहा नग विकायची रीत आहे, आणि बाबांचं म्हणणं आहे की दहा नग एकसारखे नसतातच. व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू कर. प्रत्येक समईचा वेगळा फोटो, दुकानाच्या काट्यावर ठेवून, आकडा वाचता येईल असा. पडताळणीचा शिक्का असलेला काटा. खाली उंची, वजन, आजचा किलोचा भाव, घडणावळ वेगळी, आणि हा भाव आज दुकान बंद होईपर्यंतच, हे स्पष्ट. पैसे आधी. विकली गेली की तो फोटो काढून टाक. एका समईचा फोटो दुसऱ्या समईला लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

तू मार्केटिंगची आहेस म्हणून सांगते. ऑनलाइन पितळ घेणाऱ्या मुंबईच्या बाईला सगळ्यात मोठी धास्ती असते ती पत्रा निघण्याची. फोटोत जाड नि पातळ सारखंच दिसतं. तिला काट्यावरचा आकडा दाखवणारं दुकान सापडलं तर ती तुझी सुंदर वर्णनं वाचणारही नाही, तिला त्यांची गरजच पडणार नाही. तुझ्या घरातली विकण्याजोगी सगळ्यात मोठी गोष्ट बाबांची सवय आहे आणि तू तीच मोडायला निघाली होतीस. बाबांना पटवायचा विचार सोड. त्यांनी समई काट्यावर ठेवून आकडा बोलायचा, तू लिहायचा, एवढंच काम वाटून घे.

पण समईच्या आधी एक काम आहे, आणि ते आजच कर. ठाण्याच्या त्या बाईंना साइटवरून निरोप पाठव. हंडा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवून त्याचं नेमकं वजन कळवायची विनंती कर. विचित्र वाटेल, तरी कर. त्या दिवशीचा भाव आणि घडणावळ बाबांकडून घे. हंडा कमी भरला तर फरकाचे पैसे त्यांना परत पाठव, जास्त भरला तर काही बोलू नकोस. मग बाबांसमोर जा, ऑनलाइनचा विषय काढू नकोस, फक्त सांग, "बाबा, ठाण्याचा हंडा तोलला. इतका भरला."