राव, बाई, ताई: नावामागचा मान कोण देतो?

«1930 च्या सोलापूरवर कथा लिहितेय. पात्रांच्या नावांपुढे राव, बाई, ताई कधी लावू, म्हणजे वय आणि मान आपोआप कळेल?»

मी गिरणगावावरची माझी पहिली कथा लिहिली तेव्हा जॉबरला, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘मारुतराव’ केलं होतं. आई हाक मारायची ती मारुतराव, मित्रही मारुतराव. वाचून आजी म्हणाली, ‘ह्याला घरात कुणीच नाही का?’ तिचं बरोबर होतं. राव किंवा बाई ही पात्राला चिकटलेली पाटी नाही, बोलणाऱ्यानं दिलेला मान आहे. म्हणून आधी ‘कोण हाक मारतंय’ ते ठरवा.

तोच मारुती घेऊ. आईसाठी तो चाळिशीतही ‘मारत्या’. साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या खात्यात, ज्यानं त्याला काम शिकवलं, तो म्हातारा त्याला ‘मारुती’च म्हणणार आणि ‘तू’च करणार, जॉबर झाला तरी. हाताखालची माणसं मात्र बढतीनंतर ‘मारुतराव’ म्हणू लागतील. (‘मारुतीराव’पेक्षा बोलण्यात ‘मारुतराव’ जास्त, गणपतीचाही गणपतराव होतो.) कचेरीतला हेडक्लार्क त्याला ‘मारुती, इकडे ये’ म्हणतो. संप चिघळल्यावर तोच हेडक्लार्क एके दिवशी ‘मारुतराव, बसा’ म्हणाला, तर वाचकाला कळतं की पारडं फिरलं. त्याचं वर्णन लिहायची गरजच उरत नाही.

वयाचा नियम मोडणारी एक जागा आहे. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. पण उखाण्यात विशीतल्या पोरालाही राव मिळतो, ‘मारुतरावांचं नाव घेते’. लग्नाचा प्रसंग असेल तर हे जरूर वापरा. कालपर्यंतचा मारत्या त्या क्षणी राव होतो.

बाईचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण तिथे मान नावात कमी आणि क्रियापदात जास्त असतो. ‘गंगूबाई आली’ आणि ‘गंगूबाई आल्या’ ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिली धुणंभांडी करणारी किंवा गिरणीतली कामकरीण असू शकते, दुसरी घरची मोठी. राव लावलं की अनेकवचन जवळजवळ आपोआप येतं, बाईला तसं येत नाही. कथेत सगळ्या ‘बायां’ना ‘आल्या, बसल्या’ केलंत तर मालकीण आणि मोलकरीण एकाच पायरीवर येतील. संवाद तपासताना नावावर बोट ठेवून झाका आणि फक्त क्रियापद वाचा. कोण वर, कोण खाली हे तेवढ्यावरून कळलं पाहिजे.

ताई आधी नात्याची आहे. गंगूचे धाकटे भाऊ तिला ‘ताई’ म्हणतील, आपल्याकडे बऱ्याच घरांत ‘आक्का’. परक्यानं आदरानं ताई लावायचं ते बहुधा शिक्षिका, कार्यकर्ती अशा सार्वजनिक कामातल्या स्त्रीला. बालशिक्षणात एकत्र काम केलेल्या दोघी पाहा: 1892 साली जन्मलेल्या त्या ताराबाई मोडक, 1910 साली जन्मलेल्या त्या अनुताई वाघ. हा नियम नव्हे, पण धाकट्या पिढीतल्या शिकलेल्या पात्राला ‘ताई’ शोभतं. 1930 सालच्या साचेवाल्याच्या बायकोला शेजारीण ‘गंगूताई’ म्हणाली तर मला ते नंतरच्या काळातलं वाटेल.

आता सोलापूरचं खास. इथे सगळी नावं मराठी वळणाची नाहीत. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं घ्या: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ‘मल्लप्पा’त अप्पा आधीच आहे, त्याच्यावर राव चढवू नका. कन्नड घरातली म्हातारी ‘-अव्वा’ची असेल, तेलुगू पद्मशाली विणकराच्या नावात ‘-अय्या’ असेल. तिथे आदर दाखवायचा तर ‘बसा, या’ अशा क्रियापदांनी दाखवा.

आणि एक गोष्ट लपवू नका. ‘राव’ सगळ्यांना मिळत नव्हता. साठीच्या दलित माणसाला वरच्या जातीचं पोरगंसुद्धा ‘सख्या’ म्हणून एकेरीत हाक मारायचं. आदर वाटतो म्हणून लेखकानं सगळ्यांच्या तोंडी ‘सखारामराव’ घातलं, तर त्या माणसावर झालेला अन्यायच पुसला जातो. तुमचा आदर निवेदनात दाखवा: संवादात ‘सख्या’ राहू द्या, निवेदनात ‘सखाराम उठले’ लिहा.