सेलच्या पाच स्टोऱ्यांचा मजकूर

प्रश्न: "धरमपेठेत माझे कापडाचे छोटे बुटीक आहे. शनिवारी, २० जूनला उन्हाळी मालाचा क्लिअरन्स सेल सुरू होतो. सोमवारपासून रोज एक अशा पाच स्टोऱ्या टाकायच्या आहेत. मजकूर काय असावा?"

ताई, मजकुरापूर्वी एक अडचण सांगते, कारण तिच्यावरच शब्दरचना अवलंबून आहे. स्टोरी चोवीस तास दिसते. सोमवारी रात्री नऊला टाकलेली "फक्त ५ दिवस बाकी" ही ओळ कोणी मंगळवारी संध्याकाळी वाचते, तेव्हा चारच दिवस उरलेले असतात. आणि शुक्रवारी रात्रीची "उद्या या" ही ओळ शनिवारी दुपारी वाचणारी ग्राहक रविवारी येते. म्हणून स्टोरी सकाळी आठच्या सुमारास टाकावी, "उद्या" हा शब्द वापरू नये आणि वार, तारीख, वेळ पाचही स्टोऱ्यांत लिहावी. इन्स्टाग्रामवर काउंटडाउन स्टिकर शनिवारी सकाळी ११ वर लावावा. तो उरलेला वेळ स्वतः मोजतो आणि बघणारीला त्यावरूनच आठवण लावून ठेवता येते. तेच चित्र व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवाल तेव्हा मात्र हा स्टिकर चालणार नाही, तिथे लिहिलेली तारीखच कामी येते.

पहिल्या दोन स्टोऱ्यांत भाव सांगण्याची घाई करू नये. सोमवारी एवढेच पुरे: "५ दिवस. उन्हाळी ताके आवरते घेत आहोत. क्लिअरन्स सेल शनिवार, २० जून, सकाळी ११ पासून. धरमपेठ." मंगळवारी माल सांगावा: "४ दिवस. मलमल, लिनन, चंदेरी. हवे तेवढे मीटरवर कापून मिळेल. शनिवार, २० जून, सकाळी ११."

बुधवारची स्टोरी सर्वांत महत्त्वाची, कारण भाव तिथे येतो. "५० टक्क्यांपर्यंत सूट" असे लिहिण्याचा मोह होतो, पण एकाच ताक्यावर पन्नास टक्के आणि बाकी सगळ्यावर पंधरा असतील, तर ग्राहक काउंटरवर नाराज होते आणि पुढच्या सेलला फिरकत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वेही आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीला आळा घालतात: जाहीर केलेल्या भावाला पुरेसा माल असला पाहिजे, आणि साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यापेक्षा एकच कापड निवडून त्याचा हिशेब मांडावा. समजा, ४४ इंच पन्ह्याच्या मलमलचा भाव २६० रुपये मीटर होता आणि सेलमध्ये तो १७० आहे. साध्या कुर्त्याला या पन्ह्यात साधारण अडीच मीटर कापड लागते, म्हणून मजकूर असा: "३ दिवस. मलमल, पन्हा ४४ इंच. आधी २६० रुपये मीटर, सेलमध्ये १७०. अडीच मीटरचा कुर्ता ४२५ रुपयांत. साठा संपेपर्यंत. शनिवार, २० जून, सकाळी ११." टक्केवारी वाचून ग्राहकाला स्वतः हिशेब करावा लागतो, ४२५ हा आकडा मात्र लगेच डोळ्यांसमोर कुर्ता उभा करतो. मात्र हे कापड निवडताना ताका मोजून घ्या. आठच मीटर शिल्लक असेल तर त्यात तीनच कुर्ते निघतात. अशा कापडाला या स्टोरीत स्थान नको.

गुरुवारी उरलेले तुकडे पुढे आणावेत आणि अट त्याच मजकुरात सांगावी: "२ दिवस. एक ते दोन मीटरचे कटपीस, ब्लाउज आणि मुलींच्या फ्रॉकसाठी. प्रत्येक कापडाचा एकच तुकडा. कटपीस बदलून मिळणार नाही. शनिवार, २० जून, सकाळी ११." बदलून न देण्याची अट बिलावर पहिल्यांदा दिसली की वाद होतो, स्टोरीत आधीच वाचलेली असेल तर सहसा होत नाही. शुक्रवारी केवळ यायच्या सोयीचे सांगा: "१ दिवस. शनिवार, २० जून, सकाळी ११ ते रात्री ९. रविवारीही चालू. मॅचिंगसाठी जुने कापड सोबत आणा." पाऊस लांबला तर नागपुरात जूनच्या तिसऱ्या आठवड्यातही दुपारचे ऊन सोसत नाही, त्यामुळे बरीच मंडळी सहानंतरच बाहेर पडतात, म्हणून रात्री ९ ची वेळ ठळक लिहावी आणि कटपीस सगळे सकाळीच न मांडता काही संध्याकाळसाठी राखून ठेवावेत.

चित्राबाबत एवढेच, की १०८० बाय १९२० च्या चौकटीत वरचे सुमारे २५० आणि खालचे सुमारे ३४० पिक्सेल मोकळे सोडावेत, कारण तिथे खात्याचे नाव आणि उत्तराची पट्टी येते. छापील कापडाच्या फोटोवर थेट अक्षरे लिहू नयेत, ती वाचता येत नाहीत. फोटोखाली एकरंगी पट्टी घेऊन त्यावर लिहावे.

शनिवारी दुपारी मलमल संपली, तर त्याच वेळी "मलमल संपली, लिनन आणि चंदेरी आहे" अशी स्टोरी टाकावी, म्हणजे बुधवारचा भाव लक्षात ठेवून संध्याकाळी निघणाऱ्या ग्राहकाला घरीच कळेल.