मुलाचा घसा, अझिथ्रो की अमॉक्सिसिलिन?

प्रश्न: मुलगा ६ वर्षांचा, घसा लाल, ताप १०२, डॉक्टर म्हणाले स्ट्रेप वाटतोय. लहानपणी अमॉक्सिसिलिनने रॅश आली होती म्हणून अझिथ्रो ३ दिवस दिलंय. हे पुरेसं आहे का, की पेनिसिलिनच द्यायला हवं?

मी फार्मासिस्ट आहे, १९ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे, आणि नेमकं हेच माझ्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत घडलं होतं म्हणून लिहायला बसले.

तो दोन वर्षांचा असताना सर्दी-तापात अमॉक्सिसिलिन चालू होतं. पाचव्या दिवशी पोटावर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ आलं. खाज नाही, सूज नाही, धाप नाही, पोरगं खेळत होतं. नणंदबाई तेव्हा घरी आलेल्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या ही पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. त्याच दिवशी फाईलवर लाल पेनाने लिहूनही टाकलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की ताई, व्हायरल तापात अशी रॅश येते, औषधाचा संबंध असेलच असं नाही. पण घरात माझं कोण ऐकणार, सासूबाईंनी पण तेच धरलं. मग पुढे चार वर्षं जो डॉक्टर भेटला त्याला आधी ते लाल अक्षर दिसायचं.

सहाव्या वर्षी त्याचा घसा धरला. ताप १०२, गिळताना रडायचा, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली गाठी हाताला लागत होत्या आणि दाबल्या की दुखत होत्या, नाक कोरडं, खोकला नाही. म्हणजे चित्र स्ट्रेप नावाच्या जंतूचंच. डॉक्टरांनी फाईल बघितली आणि अझिथ्रो तीन दिवस लिहिलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी शाळेत गेला. नणंदबाईंचा फोन, बघ, तीन दिवसांत खडखडीत बरा, उगाच दहा दिवसांची कटकट कशाला.

इथेच सगळे फसतात. स्ट्रेपचा घसा काहीही औषध न देता सुद्धा तीन-चार दिवसांत बराचसा शांत होतो. म्हणजे ताप उतरला यावरून औषध लागू पडलं हे कळतच नाही! अँटिबायोटिक दुखणं थोडं लवकर कमी करतं हे खरं, पण आपल्याकडे ते द्यायचं मोठं कारण ऱ्हुमॅटिक फीवर. घशातला जंतू गेला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांच्या शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. माझ्या दुकानात एक मुलगी दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येते, झडप खराब झालेली, आणि हे अजून कित्येक वर्षं चालणार. ते बघितल्यावर 'साधा घसा' हा शब्द माझ्या तोंडून येत नाही.

आता तीन दिवसांचा हिशोब. माझा मुलगा तेव्हा १८ किलो. स्ट्रेपच्या घशासाठी अझिथ्रोचा डोस दर किलोला १२ मिग्रॅ, दिवसातून एकदा, पाच दिवस. म्हणजे रोज २१६, एकूण १०८०. त्याला मिळालं दर किलोला १० प्रमाणे १८०, तीन दिवस, एकूण ५४०. बरोब्बर निम्मं. तीन दिवसांचा कोर्स इतर आजारांत चालतो, तोच घशाला सरसकट लिहिला जातो आणि मी काउंटरवर तो रोज बघते.

नवव्या दिवशी परत ताप, परत तेच ठिपके. या वेळी मी हट्टच धरला की नवीन औषधाच्या आधी घशाचा स्वॅब घ्या. रिपोर्ट आला, ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस, पेनिसिलिनला सेन्सिटिव्ह, एरिथ्रोमायसिनला रेझिस्टंट. अझिथ्रो त्याच मॅक्रोलाइड कुटुंबातलं, हा जंतू एकाला दाद देत नाही तेव्हा सहसा दुसऱ्यालाही देत नाही. कारण ही औषधं जंतूच्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राला जिथे चिकटतात ती जागाच तो बदलतो, नाहीतर औषध बाहेर पंप करून टाकतो. पेनिसिलिनच्या बाबतीत मात्र इतकी दशकं वापरूनही या जंतूला क्लिनिकमध्ये नडेल असा रेझिस्टन्स जमलेला नाही. जुनं औषध म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकावं.

मग बालरोगतज्ज्ञ बदलले. नव्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवून मलाच विचारलं, पुरळ कितव्या दिवशी आलं, खाज होती का, गांधी उठल्या का, ओठ-डोळे सुजले का, उलट्या, धाप? सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी दवाखान्यातच अमॉक्सिसिलिनचा डोस दिला आणि दोन तास समोर बसवून ठेवलं. काही झालं नाही. मग दर किलोला रोज ५० मिग्रॅ, म्हणजे ९०० मिग्रॅ, दोन वेळांत विभागून. ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्या सिरपचं ९ मिली सकाळी, ९ मिली रात्री, पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी तो उड्या मारत होता तरी बाटली बंद केली नाही. आणि हो, साधं अमॉक्सिसिलिन, क्लॅव्ह जोडलेलं नव्हे. क्लॅव्ह लागतं ते पेनिसिलिन तोडणाऱ्या जंतूंसाठी, हा जंतू ते एन्झाइम बनवतच नाही, मग फुकट जुलाब कशाला.

दहा दिवस जमणारच नसतील तर बेंझाथिनचं एकच इंजेक्शन असतं, २७ किलोच्या आत ६ लाख युनिट. दुखतं, पण काम पुरं होतं.

आता तुमचं. तुमच्या मुलाची रॅश माझ्या मुलासारखी उशिरा आलेली, बिनखाजेची असेल तर डॉक्टरांना ती पूर्ण हकिकत सांगा आणि अमॉक्सिसिलिन देता येईल का विचारा. घरी स्वतःहून देऊन बघू नका. डोस घेतल्यावर तासाभरात गांधी उठल्या असतील, तोंड सुजलं असेल किंवा धाप लागली असेल तर ती खरी अ‍ॅलर्जी, तिथे पेनिसिलिनचं नाव काढायचं नाही, तिथे मॅक्रोलाइड किंवा क्लिंडामायसिन हेच बरोबर. पण मग वजनावर पाच दिवसांचा डोस आहे ना हे बघा, आणि तीन-चार दिवसांत फरक नसला किंवा परत उलटलं तर स्वॅब. मधल्या साध्या पुरळाच्या केसमध्ये सेफालेक्सिन पण चालतं, तेही दहा दिवस.

एक राहिलं. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर तो बहुतेक व्हायरल, दोन्हीपैकी काहीच नको. आणि काही मुलांच्या घशात हा जंतू त्रास न देता नुसता राहतो, त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे दरवेळी स्ट्रेपच असंही नाही, लक्षणं जुळायला हवीत. माझ्या मुलाची जुळत होती. पेनिसिलिन उशिरा दिलं तरी ऱ्हुमॅटिक फीवर टळू शकतो, पण घसा सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत सुरू झालेलं बरं. आम्ही ते नऊ दिवस त्या लाल अक्षरापायी घालवले.

नव्या डॉक्टरांनी ती ओळ खोडून शेजारी तारीख आणि सही केली. नणंदबाई अजूनही म्हणतात अ‍ॅलर्जी होतीच, नंतर गेली. ताई, दोन वर्षांच्या पोराला व्हायरलमध्ये पुरळ आलं होतं, एवढंच.