ट्रिम मारलं तरी कटआउट हवेतच का राहतो?

प्रश्न: कटआउटच्या पीएनजीभोवती पारदर्शक जागा उरते आणि लेआउटमध्ये फोटो एका रेषेत बसत नाहीत. फोटोशॉपमध्ये ट्रिम मारलं तरी काही फाइलींना काहीच फरक पडत नाही. काय करायचं?

उत्तर:

फरक पडत नाही, कारण ती जागा दिसते तशी रिकामी नसते. ट्रिम फक्त शंभर टक्के पारदर्शक पिक्सेल कापतं. कोणीतरी मऊ ब्रशचा इरेझर फिरवून बॅकग्राउंड काढलेलं असतं आणि कोपऱ्यात एक-दोन टक्क्यांचे पुसट डाग राहिलेले असतात. तुम्हाला ते दिसत नाहीत, ट्रिमला दिसतात. तिथपर्यंत कापून ते थांबतं.

मी फ्लेक्सच्या दुकानात बरीच वर्षं डिझाइनला बसलोय. ज्याने वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची रांग लावली नाही, त्याला या विषयातलं दुःख कळणार नाही. वर साहेब, खाली ओळीने कार्यकर्ते, आणि सगळ्यांचे कटआउट दहा ठिकाणांहून आलेले. आमच्या तेव्हाच्या मालकांचा ट्रिमला ठाम विरोध. म्हणायचे, "फाइल खराब होते, डोळ्यानं लाव." मी म्हणायचो, डोळ्यानं लावलं तर प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा डोळ्यानंच लावावं लागेल. आणि दुरुस्ती तर येतेच. रात्री अकराला फोन येतो की अमुक भाऊंना तमुक भाऊंच्या शेजारी घ्या.

एका फ्लेक्सचं उदाहरण देतो. रांगेतला प्रत्येक कटआउट ३ फूट उंच ठेवायचं ठरलं होतं. त्यातली एक फाइल २४०० बाय ३००० पिक्सेलची होती, आणि आत माणूस होता जेमतेम १३१० बाय २२६०. डावीकडे ६४० पिक्सेल मोकळे, उजवीकडे ४५०, वर ५६०, खाली १८०. कोरलमध्ये सगळे कटआउट निवडून B दाबलं की खालच्या कडा जुळतात, पण जुळतात त्या चौकटीच्या. चौकट ३६ इंच केली तर हा माणूस शेजाऱ्यांच्या दोन इंच वर तरंगतो, मधल्या रेषेपासून इंचभर उजवीकडे सरकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्यक्षात सत्तावीस इंचांचाच दिसतो. शेजारी ट्रिम केलेला ३६ इंची. दुसऱ्या दिवशी दुकानात चार जण उभे: "आमच्या दादांना बारीक का दाखवलं? कोणी सांगितलं होतं?" कोणी सांगितलं नव्हतं. पारदर्शक पिक्सेलांनी केलं होतं. मालकांनी मात्र माझ्याकडे बोट दाखवलं, आणि ही फाइल ट्रिम करू नकोस असं त्यांनीच सांगितलं होतं हे ते सोयीस्कर विसरले.

आता तुमच्या अडलेल्या फाइलीचं. फोटोशॉपमध्ये आधी खाली पांढरा किंवा दुसरा कुठला लेयर चालू नाही ना ते बघा. ट्रिम सगळे दिसणारे लेयर एकत्र धरतं. मग कटआउटच्या लेयरवर Layer > Layer Mask > From Transparency करा, म्हणजे पारदर्शकतेचा मास्क तयार होतो. Alt दाबून मास्कच्या थंबनेलवर क्लिक करा. आता पडद्यावर फक्त काळं-पांढरं दिसेल: माणूस पांढरा, बाकी काळं, आणि नीट बघितलंत तर काळ्यात राखाडी धूळ. Ctrl+L ने लेव्हल्स उघडा आणि डावीकडचा काळा स्लायडर ० वरून १० ते १५ पर्यंत आणा. धूळ पूर्ण काळी होते. मास्क अप्लाय करा, मग Image > Trim, Transparent Pixels, चारही बाजू. आता कापेल.

स्लायडर याहून पुढे नेऊ नका. मोकळे केस, शालीची किनार, दाढीची कड हे सगळं राखाडीतच असतं, ते आधी जातं आणि माणूस कात्रीने कापल्यासारखा दिसतो. केस फार बारीक असतील तर लेव्हल्स सोडून द्या. लॅसोने माणसापासून लांबचा भाग निवडा आणि मास्कवर तेवढ्यात काळा रंग भरा. कोपरे साफ झाले की ट्रिमला पुरतं.

आणि मालकांच्या "फाइल खराब होते"चं काय? ट्रिम कडेची जागा कापतं, उरलेल्या एकाही पिक्सेलला हात लावत नाही. माणूस आधी १३१० पिक्सेल रुंद होता, नंतरही १३१०च. त्यांच्या डोक्यात बहुतेक रिसाइझ होतं. मी हे त्यांना दोनदोन फाइली शेजारी उघडून दाखवलं होतं, तरी नाही म्हणाले.

फाइली ढीगभर असतील तर इमेजमॅजिक हा कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम टाकून घ्या. पहिली ओळ पाच टक्क्यांखालचे डाग सोडून माणसाची खरी चौकट सांगते, दुसरी त्या मापाने कापते:

```
magick katout.png -alpha extract -threshold 5% -format "%@" info:
magick katout.png -crop 1310x2260+640+560 +repage trim.png
```

वरच्या फाइलीसाठी पहिल्या ओळीचं उत्तर `1310x2260+640+560` असं येतं, तेच दुसरीत भरायचं. `+repage` गाळू नका. नाहीतर जुन्या कॅनव्हासचं माप फाइलीत तसंच राहतं आणि काही सॉफ्टवेअरमध्ये कटआउट पुन्हा सरकलेला दिसतो.

आता एक गोष्ट मालकांच्या बाजूने, नाइलाजाने. ट्रिममुळे चौकट माणसाला चिकटते, पण चौकटीला चेहरा कळत नाही. एकाचा फोटो छातीपर्यंत, दुसऱ्याचा कमरेपर्यंत. दोघांची उंची ३६ इंच केली की छातीवाल्याचं डोकं भोपळ्याएवढं होतं. फेटेवाल्याचं उलट: फेट्याचा तुरा चौकटीत धरला जातो, तेवढा चेहरा लहान होतो. एक हात वर करून अभिवादन करणाऱ्याचं मध्य त्या हाताकडे ओढलं जातं. म्हणून मी खालची कड B ने जुळवतो, आकार मात्र हनुवटी ते कपाळ मोजून ठरवतो आणि आडवं मध्य नाकावर धरतो. हे काम डोळ्याचंच आहे, मान्य. पण ते ट्रिमनंतरचं काम आहे. ट्रिम न करता डोळ्याने लावणं म्हणजे दोन चुका एकमेकींत मिसळून बसणं, मग कुठली दुरुस्त करतोय तेच कळत नाही.

सावली टाकायची असेल तर ट्रिमनंतर, लेआउटमध्येच टाका. आधी टाकून पीएनजी केलीत तर कापणी सावलीच्या टोकापर्यंतच होते, आणि सावली उजवीकडे असेल तर माणूस डावीकडे ढकलला जातो.

आणि कार्यकर्त्यांकडून कटआउट मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी जेपीजी होऊन येते, पारदर्शकता तिथेच संपते, आणि मग ट्रिमचा प्रश्नच उरत नाही, कटआउट पहिल्यापासून करावा लागतो.