वॉर्फरिन चालू असताना हळदीच्या कॅप्सूल

प्रश्न: आई ७६ वर्षांची आहे. वॉर्फरिन धरून रोज सात गोळ्या घेते. गुडघ्यांसाठी कुणीतरी हळदीच्या कॅप्सूल सुचवल्यात. वनस्पतीच आहे, दिल्या तर काय बिघडणार?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि आधीच सुरू केल्या असतील, तर त्यांना न कळवता बंदही करू नका. हे दुसरं वाक्य बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. मी फार्मासिस्ट आहे आणि माझ्यासमोर येणारे बरेच लोक तुमच्या आईच्याच वयाचे असतात.

एक आजी होत्या. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे, रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यांना वॉर्फरिन सुरू होतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर, जितका जास्त तितका रक्तस्रावाचा धोका मोठा. त्यांचा तो कित्येक महिने २.३ ते २.६ च्या आसपास, म्हणजे त्यांच्यासाठी ठरवलेल्या २ ते ३ च्या आत. मग एकदा तपासणीत तो ५.१ आला. डोस तोच, गोळी चुकलेली नाही, दुखणंखुपणं नाही. 'नवीन औषध घेतलंत का?' असं विचारलं की त्या 'नाही' म्हणायच्या, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. शेवटी मी त्यांना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगितलं. पिशवीतून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल निघाल्या. दिवसाला दोन, तीन आठवड्यांपासून. लेबलवर बारीक अक्षरात पिपेरिनही होतं. पिपेरिन म्हणजे काळ्या मिऱ्यातला घटक. हळदीतलं कर्क्युमिन एरवी अंगात फारसं शोषलं जात नाही, ते शोषलं जावं म्हणून मुद्दाम घालतात. स्वयंपाकातली चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल यांत फरक पडतो तो इथेच. भाजीतल्या हळदीची मी कुणाला भीती घालत नाही.

असा प्रकार नोंदलेलाही आहे. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने, मेडसेफने, २०१८ मध्ये एक इशारा दिला होता. वॉर्फरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. प्रत्येकाचं असं होतं असं नाही. कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही, अडचण ती आहे.

आजींच्या बाबतीत डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली, वॉर्फरिनचा एक डोस वगळायला सांगितला आणि तीन दिवसांनी पुन्हा तपासणी केली. आठवड्याभरात आकडा जागेवर आला. आता समजा, ती पिशवी कुणी उघडलीच नसती. ५.१ बघून डॉक्टरांनी वॉर्फरिनचा रोजचा डोस कमी केला असता आणि आकडा छान २.५ वर बसला असता. महिन्याने बाटली संपली की आजींनी कॅप्सूल सोडली असती. मग त्या कमी डोसवर आयएनआर २ च्या खाली घसरला असता, गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढला असता, आणि पुढच्या तपासणीपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता. उदासीसाठी घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्टचं नेमकं उलटं असतं. ते यकृताला वॉर्फरिन लवकर संपवायला लावतं, म्हणून घेताना आयएनआर उतरतो आणि सोडल्यावर पुढच्या एकदोन आठवड्यांत चढतो.

हे सगळं उशिरा दिसतं, कारण वॉर्फरिन रक्तात आधीच तयार असलेल्या गोठवणाऱ्या घटकांना हात लावत नाही, नवे नीट तयार होऊ देत नाही. जुने संपायला काही दिवस जातात. त्यामुळे 'दोन दिवस घेतलं, काही झालं नाही' याला अर्थ नाही. अशी कुठलीही गोष्ट डॉक्टरांच्या संमतीने सुरू केली किंवा थांबवली, तर आयएनआर साधारण चार-पाच दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने बघावा लागतो. नेमके दिवस डॉक्टर ठरवतील.

आणखी एक फसवी गोष्ट. जिंको किंवा लसणाच्या अर्काच्या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सचं एकमेकींना चिकटणं कमी करू शकतात. आयएनआर ते मोजतच नाही. रिपोर्ट २.४ चा सुरेख आणि हिरड्यांतून रक्त, असं होऊ शकतं. आईच्या सात गोळ्यांत ॲस्पिरिन असेल, किंवा गुडघ्यांसाठी अधूनमधून वेदनाशामक घेत असतील, तर हा भार आधीच आहे. त्यावर तिसरी भर कशाला?

कॅप्सूल सुरू झाल्याच असतील, तर कुठल्या तारखेपासून आणि दिवसाला किती ते लिहून बाटलीसकट डॉक्टरांकडे न्या. दंडावर, मांडीवर मार न लागता काळेनिळे डाग, दात घासताना न थांबणारं रक्त दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल आली, किंवा पडून डोक्याला मार लागला, भले बाहेर जखम नसेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट इस्पितळात न्या.

गुडघ्यांचं दुखणं खरंच आहे, त्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. वॉर्फरिनवर चालेल असा वरून लावायचा उपाय, व्यायाम, यांबद्दल त्याच भेटीत विचारून घ्या.