स्टँडवरच्या फलकाचा फोटो पाहून जोडगाडी ठरवताना

फोटो तिरका असेल तर ओळ सरकते आणि चिपळूणसमोर पाटणची वेळ वाचली जाते. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. स्क्रीनवर कागदाची सरळ कड ओळीला लावून वाचा. पुसट रंगात ३ आणि ८ सारखेच दिसतात. पण वेळा सहसा चढत्या क्रमाने असतात, त्यामुळे १३.१५ आणि १४.०० च्या मधला आकडा १३.३० च असणार, १८.३० नाही.

दुसरं, फलकावर असते ती गाडी सुटायची वेळ. पोचायची वेळ तुम्हालाच काढावी लागते.

समजा, साताऱ्याहून कराडमार्गे चिपळूणला जायचंय. साताऱ्याची गाडी १०.३० ची. कराडपर्यंत सव्वा तास धरला तर ११.४५. कराडच्या फोटोत चिपळूणच्या गाड्या ११.५०, १२.३० आणि १४.०० ला आहेत. ११.५० ची विसरा, पाच मिनिटांत फलाटही सापडत नाही. १२.३० ची धरा, पाऊण तास हातात राहतो. ती चुकली तर १४.०० ची आहेच. १२.३० चीच शेवटची असती, तर साताऱ्याहून एक गाडी आधीची घ्यायला हवी होती.

'मार्गे' चा रकाना आणि फोटोची तारीखही बघा (हे हमखास राहतं). वेळ कराडहून सुटणाऱ्या गाडीची आहे ना, तेही पाहा. लांबून येणाऱ्या गाडीची वेळ अंदाजेच असते. जुना फोटो असेल तर आगाराच्या चौकशी खिडकीवर फोन करून १२.३० ची तेवढी विचारून घ्या.